भिशी, अपडेट ४: सहाव्या भागात चिठ्ठी एकच उरते!

रविवारी माझ्या 'भिशी' या मालिकेच्या सहाही भागांच्या पटकथेचं वाचन झालं आणि सीझनच कोसळला. मागच्या वेळी मी मिरवत होतो ना, की सहा बायकांची भिशी, सहा महिने, सहा भाग, फॉरमॅट आपोआप तयार? सहावा भाग वाचताना रेखा करणारी म्हणाली, "अरे, डब्यात एकच नाव आहे. मग चिठ्ठी काढायचीच कशाला?" सगळे हसले. मी सोडून.

हिशेब सरळ आहे. दर महिन्याला पाच हजार, म्हणजे तीस हजारांची भिशी. पहिली रिवाजाप्रमाणे चालवणारीची, म्हणजे कुसुमताईंची. दुसऱ्या भागात पाच चिठ्ठ्या, मग चार, तीन, दोन. उत्सुकता प्रत्येक भागात घटतच जाते. वाढायला हवी तिथे!

आधी लिलावाची भिशी करून पाहिली. जी जास्त घट सोसेल तिला रक्कम, उरलेले पैसे सगळ्यांत वाटून. चुरस येते, पण नियम समजावण्यातच तीन मिनिटं गेली आणि शेवटची बाई तिथेही ठरलेलीच. सोडून दिलं.

मग आईशी बोलताना सुचलं. भिशीत खरी भीती नाव न निघण्याची नसतेच. उचलून झालेली पुढचे हप्ते बुडवेल, ही असते. म्हणून रेखाला दुसऱ्या भागात भिशी लागते आणि चौथ्यात तिचा हप्ता येत नाही. कुसुमताई गुपचूप पदरचे पाच हजार घालतात. आपल्याला ठाऊक, बाकीच्यांना नाही. पाचव्यात पुन्हा घालतात, या वेळी बांगडी गहाण ठेवून. सहाव्यात चिठ्ठी नक्की, पैसे नाहीत. शेवटचं नाव शालनचं, आणि मुलीच्या हॉस्टेलची फी त्याच आठवड्यात भरायची आहे, हे तिने पहिल्याच भागात सांगितलेलं.

लांबीचंही दुखणं निघालं. एका भागाच्या बारा पानांना सतरा मिनिटं लागली! पानाला एक मिनिट हे गणित कुरिअर फॉन्टातल्या इंग्रजी पटकथेचं. माझ्या देवनागरी पानात संवाद ठासून बसतात. आता पानं मोजत नाही, मोठ्याने वाचून स्टॉपवॉच लावतो. लक्ष्य दहा मिनिटं. वेळ खात होती प्रत्येक चिठ्ठीवर सहा जणींची सहा वाक्यं. म्हणून खोलीत चौघीच; दोघी फोनवर, यूपीआयने पैसे पाठवणाऱ्या. दुसरं वाचन साडेअकरावर आलं. (पटकथेचं ते महागडं सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडतं. साधं गूगल डॉक्स बरं.)

हे लिहितानाच लक्षात आलं: रेखाच फोनवरची हवी. समोर बसणारीला हप्ता चुकवणं अवघड, फोन न उचलणं सोपं. म्हणजे दुसऱ्या भागापर्यंत ती खोलीत, नंतर फक्त आवाज, आणि चौथ्यात नुसती रिंग. तिसरा भाग पुन्हा लिहायला घेतो.