प्रश्न काय विचारला होता, एवढंच मला हवं होतं

सोलापुरातल्या एका दैनिकात मी बातमीदार आहे. मागच्या उन्हाळ्यात एका सर्वेक्षणाची बातमी माझ्याकडे आली. ती नीट छापायला मला ११ दिवस लागले आणि त्यातले ८ दिवस फक्त प्रश्नावली मिळवण्यात गेले. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

एका खासगी सर्वेक्षण संस्थेनं १४ पानांची रंगीत पीडीएफ पाठवली होती. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: ‘पाणीपट्टीवाढीला ५८ टक्के सोलापूरकरांचा पाठिंबा’. खाली लहान अक्षरांत नमुना ६१२, एरर अधिक-उणे ४ टक्के. पुढे वयोगट, विभाग, उत्पन्नगट असे आलेख. ज्या शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, पाण्याच्या दिवशी घरातलं एक माणूस कामाला जात नाही, तिथे लोक आनंदानं जादा पैसे द्यायला तयार आहेत ही मोठी बातमी होती. संपादक म्हणाले, “संध्याकाळपर्यंत दे, उद्या पहिल्या पानावर घेऊ.”

एरर म्हणजे सगळ्या शहराऐवजी थोड्याच लोकांना विचारल्यानं आकडा किती वर-खाली असू शकतो ते. त्याचा हिशोब मी लगेच करून पाहिला. तो कुणालाही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. नमुन्याच्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि १०० ला त्यानं भागायचं. ६१२ चं वर्गमूळ साधारण २४.७, म्हणजे एरर ४ टक्के. इथवर संस्थेचं बरोबर होतं.

मग मी १४ पानं पुन्हा चाळली. प्रश्न कुठेच नव्हता. ‘पाणीपट्टीवाढीला पाठिंबा’ हे आलेखाचं नाव होतं. लोकांना फोनवर कोणतं वाक्य ऐकवलं, उत्तराला कोणते पर्याय दिले, त्याआधी काय विचारलं, यातलं एक अक्षर नव्हतं.

मी फोन केला. “मॅडम, प्रश्नावली आम्ही शेअर करत नाही.” दुसऱ्या दिवशी, “क्लायंटची परवानगी लागेल.” क्लायंट कोण विचारलं, तर तेही सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी साहेब पुण्याला, चौथ्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये. संपादकांचा तगादा चालूच होता, कारण दुसऱ्या एका पेपरनं तोवर ५८ टक्क्यांचा मथळा छापूनही टाकला होता. त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. आपण उगाच अडून बसलोय का, असंही वाटून गेलं.

पाचव्या दिवशी मी पवित्रा बदलला. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियानं १९९६ साली निवडणूकपूर्व सर्वेक्षणांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. सर्वेक्षण कोणत्या संस्थेनं केलं, कुणी करवून घेतलं, नमुना किती आणि कसा, तो कसा निवडला आणि एरर किती असू शकतो, हे वृत्तपत्रानं वाचकाला ठळकपणे सांगायचं, असं त्यात आहे. आमचं सर्वेक्षण निवडणुकीचं नव्हतं, त्यामुळे त्या सूचना इथे बंधनकारक आहेत असा दावा मी केला नाही. तेच मुद्दे मेलमध्ये एकाखाली एक लिहिले, प्रश्नांचे नेमके शब्द हा आणखी एक मुद्दा जोडला, आणि शेवटी लिहिलं, ‘ज्या मुद्द्यावर उत्तर येणार नाही, तिथे संस्थेनं माहिती दिली नाही असं बातमीत छापू.’ फोनवर चार दिवस विनवण्या करण्यापेक्षा हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही करा. फोनवरचा नकार हवेत विरतो, मेलवरचा कागदावर राहतो.

तरी आणखी तीन दिवस गेले. आठव्या दिवशी मी सरळ त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. दीड तासानं एक सुपरवायझर बाहेर आले आणि फोन करणाऱ्या मुलांसमोर ठेवलेला कागद त्यांनी माझ्या हातात दिला. कडेला पेनानं खुणा केलेला, चहाचा डाग पडलेला एकच कागद. तो मी जिन्यातच उभी राहून वाचला.

चौथा प्रश्न: चार-पाच दिवसांआड पाणी येत असल्याचा तुमच्या कुटुंबाला त्रास होतो का?

पाचवा: टँकर किंवा जारच्या पाण्यावर तुमचा महिन्याला किती खर्च होतो?

सहावा: हा खर्च वाचून रोज पाणी मिळणार असेल, तर पाणीपट्टीत थोडी वाढ तुम्हाला मान्य होईल का?

आणि त्यापुढे चार पर्याय: हो, कदाचित, नाही, सांगता येत नाही.

आलेखात ‘पाठिंबा’ म्हणून आलेला आकडा या सहाव्या प्रश्नाचा होता. आधी त्रासाची आठवण करून द्यायची, मग खर्चाचा आकडा माणसाच्याच तोंडून वदवायचा, मग तो खर्च वाचेल असं गृहीत धरायचं, रोज पाणी येईल असंही गृहीत धरायचं, आणि वाढ किती ते न सांगता ‘थोडी’ म्हणायचं. रोज पाणी मिळणार असेल तर मीसुद्धा हो म्हणाले असते. पण हे उत्तर रोजच्या पाण्याला दिलेलं आहे. नुसत्या पाणीपट्टीवाढीला लोकांचं काय उत्तर आहे, हे त्यावरून कळत नाही, कारण तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

मी पुन्हा वर गेले आणि चारही पर्यायांचे आकडे वेगवेगळे मागितले. या वेळी लगेच मिळाले. हो म्हणणारे २०२, कदाचित म्हणणारे १५३, नाही म्हणणारे १९६, सांगता येत नाही म्हणणारे ६१. टक्क्यांत ३३, २५, ३२ आणि १०. पहिले दोन एकत्र करून ५८ केले होते. स्पष्ट हो आणि स्पष्ट नाही यांत एका टक्क्याचा फरक. आणि दोन आकड्यांमधल्या फरकाला एकट्या आकड्यापेक्षा मोठा एरर लागतो. इथे तो सहा-साडेसहा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे कोण पुढे आहे, हे या सर्वेक्षणावरून म्हणताच येत नव्हतं. जिन्यावरून दुसऱ्यांदा उतरताना मला किती हलकं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. आठ दिवस अडून बसले ते बरोबर होतं.

विभागवार आलेखाचं राहिलंच. त्यात शहराच्या पूर्व भागात पाठिंबा ५१ टक्के आणि उरलेल्या शहरात ५९ टक्के दाखवला होता आणि त्यावर ‘पूर्व भाग नाराज’ असा निष्कर्ष काढला होता. पूर्व भागातली माणसं होती फक्त ७१. मघाचाच हिशोब लावा: ७१ चं वर्गमूळ ८.४, म्हणजे एरर जवळपास १२ टक्के. आठ टक्क्यांचा फरक त्यात बुडून जातो. पहिल्या पानावरचा ४ टक्के हा सगळ्या ६१२ जणांचा असतो. आलेख जसजसा बारीक होत जातो तसा एरर फुगत जातो, आणि तो तिथे कुणी छापत नाही. तो आलेख मी बातमीत घेतलाच नाही.

पण पूर्व भागातून ७१च जण का, हे मला टोचत राहिलं. विडी आणि यंत्रमागाच्या कामगारांची दाट वस्ती तिथे आहे. सुपरवायझरना मी मोबाइल नंबर कुठून आणले ते विचारलं होतं. गृहप्रदर्शनात लकी ड्रॉसाठी लोकांनी भरलेल्या चिठ्ठ्यांवरून, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. म्हणजे यादीतच मुळात फ्लॅट घ्यायच्या विचारात असलेले लोक. फोन सकाळी ११ ते संध्याकाळी ५ या वेळात आणि फक्त मराठीत. एकूण ९,४०० नंबर फिरवले, तेव्हा ६१२ जणांनी शेवटपर्यंत उत्तरं दिली. त्यात बायका १७४.

अशोक चौकाच्या पुढे एका गल्लीत मी गेले. उंबऱ्यात एक अक्का मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. पत्र्याचा साचा तेंदूच्या पानावर ठेवून कात्रीनं भराभर पान कापत होत्या. मी फोनबद्दल विचारलं, तर हात न थांबवता म्हणाल्या, “फोन पोराकडं असतो ताई, तो मागावर जातो. मला कोण विचारणार? पाणी आलं की मीच उठते रात्री दोनला.” मग शेजारणीशी तेलुगूत काही बोलल्या आणि पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाल्या, “जारचं पाणी आम्ही घेतच नाही, काय वाचायचंय आमचं?”

त्यांचं हे वाक्य मला मथळ्यात घ्यायचा मोह झाला होता. घेतलं नाही. एका गल्लीतल्या चार बायकांशी बोलून ‘पूर्व भागाचा विरोध’ लिहिणं म्हणजे संस्थेनं ७१ जणांवर केलं तेच मी चौघींवर करणं. मी एवढंच लिहिलं की अशा घरांपर्यंत हे सर्वेक्षण पोचलेलं दिसत नाही, आणि का पोचलं नसावं.

आणखी एक, जे मला स्वतःला उशिरा उमगलं. अधिक-उणे ४ हा हिशोब शहरातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी असेल तेव्हाच लागू पडतो. लकी ड्रॉच्या यादीला तो लागूच होत नाही. याच यादीतून सहा हजार लोकांना विचारलं असतं, तर कागदावर एरर १.३ टक्क्यांवर आला असता आणि अक्का तरीही बाहेरच राहिल्या असत्या. म्हणून एरर छापताना त्याच्याच शेजारी माणसं कुठून घेतली ते लिहायचं. दोन्ही एका वाक्यात, कारण ही माहिती बातमीखालच्या चौकटीत टाकली तर जागेसाठी सगळ्यात आधी तिच्यावरच कात्री चालते.

अकराव्या दिवशी बातमी लागली, पान तीनवर. मथळा होता: ‘रोज पाणी मिळालं तर थोडी वाढ चालेल? ३३ टक्के हो, ३२ टक्के नाही’. पहिला परिच्छेद असा होता: ‘एका खासगी संस्थेनं गृहप्रदर्शनातल्या नोंदींवरून ६१२ जणांना दिवसा, मराठीतून फोन करून हे सर्वेक्षण केलं. त्यात बायका १७४ होत्या. नमुना संपूर्ण शहरातून निवडलेला नसल्यानं हे सोलापूरकरांचं मत मानता येणार नाही. सर्वेक्षण कुणासाठी केलं, हे संस्थेनं सांगितलं नाही.’ सहावा प्रश्न पर्यायांसकट शब्दशः छापला. मथळा लावणाऱ्या सहकाऱ्याच्या शेजारी मी पान सुटेपर्यंत बसून होते. तुम्हीही बसा, कारण बातमीत सगळं बरोबर असलं तरी घाईत मथळ्यात ‘सोलापूरकर’ शब्द परत येतो.

त्याच संस्थेचं पुढचं सर्वेक्षण दिवाळीनंतर आलं, शहर बससेवेवर. या वेळी शेवटच्या पानावर प्रश्नावली जोडलेली होती आणि चारही पर्याय वेगवेगळे दिले होते. नंबर कुठून घेतले ते मात्र लिहिलेलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी मेल टाकला.