चारशे त्रेसष्ट

३ मे, रात्रीचे साडेदहा

गच्चीवर अंथरूण टाकलंय, पण फरशी अजून तापलेली आहे. पोरं झोपली. दोन दिवसांत जे झालं ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

परवा, १ मेला, झेंडावंदन झाल्यावर ताईचा नववीचा निकाल मिळाला. (धाकट्यामुळे घरात सगळेच तिला ताई म्हणतात.) एकूण ४३६, शेकडा ७२.६७. तिला पंच्याहत्तरच्या वर जायचं होतं. ती काही बोलली नाही, जेवली आणि गुणपत्रिका घेऊन कोपऱ्यात बसली. संध्याकाळी मी कामावरून आले तरी तिथेच होती.

मी इथे सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. बेरजेचा नवाचा ताळा तिला मीच शिकवला होता. प्रत्येक आकड्यातले अंक मिळवायचे, नऊ आला की सोडून द्यायचा, उरलेल्याची बेरीज करायची. एकूण बेरजेचंही तसंच करायचं आणि दोन्हीकडे एकच अंक येतो का बघायचं. तिने तेच केलं होतं. मराठी ८१, म्हणजे शून्य. हिंदी ७७, पाच. इंग्रजी ६८, पाच. गणित ८५, चार. विज्ञान ७२, शून्य. सामाजिक शास्त्र ८०, आठ. सगळे मिळून बावीस, म्हणजे चार. एकूण ४३६, म्हणजे तेरा, म्हणजे चार.

"ताळा जुळतोय आई," ती म्हणाली. "पण मी परत बेरीज केली तर ४६३ येतंय. तीनदा केली. माझंच काही चुकतंय का?"

मी पाटकोऱ्या कागदावर मांडणी केली. ४६३ च. छापील आकड्याशी फरक सत्तावीसचा.

मग तिला कारखान्यातली रीत सांगितली. खतावणी जुळली नाही की आम्ही पहिल्यांदा फरकाकडेच बघतो. फरक नेमका दहाचा किंवा शंभराचा असेल तर कुणीतरी हातचा विसरलाय. फरकाला नवाने भाग जात असेल तर दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्यायचा. ६३ चे ३६ झाले की सत्तावीसचा फरक पडतो, आणि सत्तावीस म्हणजे नऊ त्रिक सत्तावीस. शेजारचे कुठलेही दोन अंक उलटले तरी फरक नवाच्या पाढ्यातच येतो. एकं-दहं उलटले असतील तर त्या दोन अंकांत जितकं अंतर, तितक्या पट नऊ. इथे सहा आणि तीन, अंतर तीन.

तिने लगेच पकडलं. "मग म्हणूनच ताळा जुळला! अंक तेच आहेत ना, नुसते जागा बदलून."

बरोबर. नवाच्या ताळ्याला अंकांची जागा दिसत नाही. ४६३ असो, ४३६ असो की ६३४, तो चारच म्हणणार. उलटे अंक त्याच्या हातून नेहमी सुटतात. ताळा चुकला तर बेरीज नक्की चुकली, पण ताळा जुळला म्हणून बेरीज बरोबर, असं म्हणता येत नाही. मी शिकवताना ही दुसरी बाजू तिला सांगितलीच नव्हती. ते मला लागलं.

ती खूश होऊन उड्या मारायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. दुसरी शक्यताही होती. एकूण आकडा बरोबर असेल आणि एखाद्या विषयाचेच गुण उलटे लिहिले असतील तर? कुठल्या विषयात तीनचं अंतर असलेले अंक आहेत, बघ म्हटलं. तिने वरून खाली बोट फिरवलं. ८१ मध्ये सातचं, ७७ मध्ये काहीच नाही, ६८ मध्ये दोनचं. ८५ वर बोट थांबलं. गणित.

गणितात खरंच ५८ असतील तर एकूण ४३६ बरोबर. आणि मग पोरीच्या हातचे ८५ पण जाणार.

"शेकडा बघ ना, ७२.६७ च आहे," ती हळूच म्हणाली. "म्हणजे एकूण बरोबर असेल का?"

नाही म्हटलं. शेकडा त्या एकूणावरूनच काढलेला असतो. ४३६ ला सहाशेने भागलं की ७२.६७ येणारच, आधी ४३६ चूक असले तरी. आईने सांगितलेलं लेकीने पुन्हा म्हटलं तर ती दुसरी साक्ष होत नाही. गुणपत्रिकेवरून याच्या पुढे काही कळणार नव्हतं. खरं काय ते शाळेच्या निकालपत्रकात होतं.

रात्री ती विचारत होती, नाही विचारलं तर चालेल का. ८५ सुटायची भीती होती तिला. मी एवढंच म्हटलं की ५८ असतील तर ते कळायला हवंत, पुढचं वर्ष दहावीचं आहे. पण जायचं की नाही ते तिच्यावर सोडलं. काल सकाळी तीच वेणी घालून तयार होती.

शाळा सुट्टीची, वऱ्हांडा रिकामा. वर्गशिक्षिका बाई कार्यालयात होत्या. मी दाराशीच थांबले, बोलायचं ते ताईने बोलायचं असं ठरलं होतं. ती म्हणाली, "बाई, माझ्या बेरजेत आणि गुणपत्रिकेत सत्तावीसचा फरक येतोय. एकूण उलटं झालंय किंवा गणिताचे गुण. कुठलं ते मला कळत नाही."

बाईंनी चष्मा लावला. "चुकलंय" असं न म्हणता तिने दोन्ही शक्यता सांगितल्या म्हणून असेल, पण बाईंच्या चेहऱ्यावर राग आला नाही. त्यांनी कपाटातून निकालपत्रक काढलं, ते लांबलचक आडवं रजिस्टर, एका ओळीत एक मूल. ताईच्या ओळीवर पट्टी ठेवली. गणित ८५. एकूण ४६३.

ताईने श्वास सोडलेला मला दारात ऐकू आला.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी पानाच्या तळाशी दाखवलं. प्रत्येक मुलाची आडवी बेरीज उजवीकडे, प्रत्येक विषयाची उभी बेरीज खाली. उजव्या रकान्याची बेरीज आणि खालच्या ओळीची बेरीज कोपऱ्यात एकच यायला लागते, आणि ती तशी होती. म्हणजे रजिस्टरातली बेरीज पक्की. "पण," बाई म्हणाल्या, "उत्तरपत्रिकेवरून रजिस्टरात चढवतानाच ५८ चे ८५ झाले असते, तरी हे सगळं असंच जुळलं असतं." म्हणून त्यांनी गणिताच्या सरांची वेगळी यादी शोधली. भाग १ मध्ये ३३, भाग २ मध्ये ३४, अंतर्गत १८. पंच्याऐंशी. तेव्हा कुठे प्रश्न मिटला.

मग चूक कुठे झाली? रजिस्टरावरून गुणपत्रिका हाताने लिहिताना. बाई वाचत होत्या आणि दुसऱ्या एक बाई लिहीत होत्या. शेकडा सगळ्यात शेवटी, लिहून झालेल्या आकड्यावरून काढला.

"मी 'चारशे त्रेसष्ट' म्हटलं असणार," बाई म्हणाल्या आणि थोडा वेळ गप्प बसल्या. "त्रे आधी ऐकू येतं ना. चार लिहिला, त्रे ऐकलं की तीन लिहिला, मग सष्ट." त्यांच्या घरी कानडी बोलतात. "आमच्यात अरवत्तमूरु. साठ आधी, तीन नंतर. लिहितो त्याच क्रमाने. मराठीत शिकायला लागले तेव्हा हे मला फार जड गेलं होतं."

इतकी वर्षं आकडे लिहिते, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आपण त्रेसष्ट, बहात्तर, सत्तावीस म्हणतो तेव्हा एकं आधी बोलतो आणि दहं नंतर, लिहिताना मात्र दहं आधी. वाचून घेताना हात कानाच्या क्रमाने गेला की अंक उलटले. कारखान्यात फोनवर सांगितलेल्या आकड्यांतच जास्त गोंधळ का होतो, ते काल कळलं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचायची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. मलाही तेव्हा ते अजिबात रुचलं नव्हतं. त्रेसष्ट हा शब्द मला आजही हवाच आहे. पण लहान पोरांचा हात कुठे अडखळतो, ते मी काल पाहिलं.

बाईंनी ४३६ वर एकच आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. गिरवलं नाही, पांढरा रंग लावला नाही. वर ४६३, शेजारी अक्षरी 'चारशे त्रेसष्ट', शेकडा ७७.१७, आणि मुख्याध्यापिकांची सही-शिक्का. अक्षरी लिहिलं की अंक उलटायची भीतीच उरत नाही.

मग त्या ताईला म्हणाल्या, "बस गं, उरलेल्याही बघून टाकू." बऱ्याच मुलांनी गुणपत्रिका नेल्या होत्या, पण शाळेकडे स्थळप्रती होत्या. ताई वाचत होती, चारशे-बिरशे न म्हणता एकेक अंक सुटा, फोन नंबरासारखा. चार, सहा, तीन. बाई रजिस्टरावर पट्टी सरकवत होत्या. अर्ध्या तासात आणखी एक सापडली. रजिस्टरात ४७२, गुणपत्रिकेवर ४२७. फरक पंचेचाळीस. ताईने बाईंच्या आधी सांगितलं, "पाच नव्वे!"

ती गुणपत्रिका ताईच्याच वर्गातल्या एका मुलीची, कन्ना चौकाच्या पलीकडे राहते. तिच्या घरच्यांनी काही विचारलंच नव्हतं. बाईंनी निरोप दिला आणि आज सकाळी आम्ही दोघी गेलो. तिची आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. ताईने कागदावर आधीचा आकडा आणि खरा आकडा एकाखाली एक लिहून दाखवला. मुलीने आईला तेलुगूत समजावलं.

आईने हातातली विडी सुपात ठेवली, पदराला बोटं पुसली आणि खालच्या आकड्यावर एकेक अंकाखाली बोट ठेवत मोठ्याने म्हणाली, "नालुगु वंदल... डेब्बै... रेंडु."

ताई माझ्याकडे वळून बघायला लागली. चार, सात, दोन. बोट आणि शब्द बरोबर चालले होते.