वत्सलाची लघुकादंबरी : प्रकरण सहा अखेर हललं

रुतलेली गाडी सुटली मंडळी, तीही एकही नवी घटना न घालता. उलट भाचीचा अपघात उडवला.

मसुदा वाचलेल्यांना आठवत असेल. काटोलकडची संत्र्याची बाग, वत्सलाने आंबिया बहार झाडावरच व्यापाऱ्याला विकून इसार घेतलाय. मग पाण्याची मोटार जळते, चोरी होते, दिराशी भांडण, फळगळ, अपघात. इतकं घडूनही वाचताना जांभया. म्हणून प्रकरणं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर लिहून फरशीवर मांडली. (सीताबर्डीत महागडी कार्डं घेत बसू नका, पत्रिकेचा कागद जाड असतो आणि फुकट मिळतो.) पाच आणि सातची अदलाबदल करून पाहिली, काहीच बिघडलं नाही. म्हणजे प्रत्येक घटनेनंतर बाई होती तिथेच परत येतेय.

आधी इसार 50 हजारांवरून 2 लाख केला. कथा ढिम्म. परत करता येणारी रक्कम कितीही मोठी असली तरी वाचकाला धाक वाटत नाही. मग आकडा पूर्ववत केला आणि पैसा गेला कुठे, तेवढंच बदललं. तो तिने दिराला दिलाय, त्याच्या हिश्शाची अर्धी बाग घेण्याचा पहिला हप्ता म्हणून. सौदा मोडला तर दीर ती जमीन लेआउटवाल्याला देणार. दिराशी भांडण होतंच, आता त्याला कारण मिळालं.

खरी गंमत फळगळीत आली. झडीनंतर झाडांखाली हिरव्या फळांचा सडा पडतो. जुन्या मसुद्यात ती बघून रडायची आणि प्रकरण संपायचं. आता सकाळी व्यापारी बाग बघायला येणार, म्हणून ती रात्रीच फळं वेचून खड्ड्यात पुरते. बागेसोबत तिचा शब्दही पणाला लागला. मात्र त्यासाठी पहिल्या प्रकरणात तिचा सचोटीचा ताठा पेरावा लागला, नाहीतर हा नुसता चलाखपणा वाटतो. घरावर जप्तीही आणणार होते, पण एवढ्याशा इसारापायी घर जातं हे आपल्याकडचा शेतकरी वाचक मानणार नाही.

टॉर्च धरून उभी असलेली मुलगी विचारते, "काहून पुरतं वो माय?" वत्सलाचं उत्तर "बोलू नोको कोणाले" असं होतं. हे टाइप करतानाच सुचतंय की गळलेली फळं कीड पसरू नये म्हणून पुरायचीच असतात! मग तिने तेवढंच सांगावं, "कीड पसरते." वाक्य खरं, वेळ खोटी. आणि सातव्यात व्यापारी आल्यावर मुलगी भाबडेपणाने म्हणेल, "मायनं रातीच पुरली सारी."

म्हणजे सातवं पुन्हा लिहायचं. व्यापाऱ्याला खलनायक ठेवायचं कारणही उरलं नाही, त्यानेही उधारीवर पैसा लावलेला असू द्या. चोरीचं प्रकरण त्या भरात बहुतेक जाईल. मोटार मात्र ठेवतेय, ओलिताचं वर्णन मला आवडतं.