मान्सूनच्या एका प्रकरणाचे चार साचे: माझा अनुभव

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि माझी सगळी वहीच निरुपयोगी वाटू लागली. आधीची चार वर्षं मी एका ओळीच्या नोंदी काढल्या होत्या: तारीख, आकडा, कलम. पर्यायांमधून उत्तर ओळखायला तेवढं पुरत होतं. आता त्याच भूगोलावर दीडशे नाहीतर अडीचशे शब्द लिहायचे होते.

सुरुवात मी मान्सूनच्या प्रकरणापासून केली. माझं गाव वाईजवळ आहे. पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाताना पाऊस कसा वाढत जातो हे लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे विषय ओळखीचा होता. प्रकरण चौतीस पानांचं. ते पाचदा वाचलं, त्यातल्या मथळ्यांच्या क्रमानेच एक छान लांब उत्तर तयार केलं आणि पाठ केलं. पहिल्याच सराव चाचणीत प्रश्न आला, ‘मान्सूनच्या अनियमिततेची कारणे स्पष्ट करा.’ मी मान्सून कसा तयार होतो ते लिहिलं: जमीन तापते, कमी दाब होतो, वारे येतात. अनियमितता शेवटच्या तीन ओळींत उरकली. तपासणाऱ्या सरांनी समासात लिहिलं होतं, ‘माहिती बरोबर, प्रश्न दुसरा.’ पंधरापैकी चार गुण.

मी पुस्तकाच्या क्रमाने साचा बांधला होता, आणि पुस्तक लिहिणाऱ्याचा क्रम समजावून सांगण्याचा असतो. परीक्षेचा प्रश्न मात्र प्रकरणाला मधूनच कुठेतरी कापतो. म्हणून दुसऱ्या वेळी पुस्तक बाजूला ठेवलं आणि जुन्या मुख्य परीक्षांचे आणि चाचण्यांचे मान्सूनवरचे जेवढे प्रश्न मिळाले तेवढे एका कागदावर उतरवले. पंचवीसेक झाले. ते वाचता वाचता त्यांचे चारच गट पडले. मान्सून कसा घडतो, तो का चुकतो, कुठे किती पडतो, आणि पडल्याने किंवा न पडल्याने काय होतं. या चार गटांना मी चार रंग दिले आणि प्रकरण पुन्हा वाचताना प्रत्येक परिच्छेदाच्या समासात त्या रंगाचा ठिपका दिला. काही परिच्छेदांना दोन ठिपके मिळाले. तिबेटच्या पठाराचा परिच्छेद ‘कसा घडतो’ मध्येही लागतो आणि ‘का चुकतो’ मध्येही. चार-पाच पानांना एकही ठिपका मिळाला नाही, ती पुन्हा उघडली नाहीत.

मग प्रत्येक गटासाठी एक आडवा ए-फोर कागद घेतला. प्रत्येक कागदावर प्रस्तावना, मथळे, आकृतीची जागा आणि शेवट, एवढंच. पूर्ण वाक्यं फक्त प्रस्तावनेत आणि शेवटात. मधल्या भागात मथळा आणि त्याखाली तीन-चार खुणेचे शब्द. मधली वाक्यं पाठ केली की हात आपोआप चालतो आणि प्रश्न मागे राहतो, हे मी त्या चार गुणांत शिकले होते.

सगळ्यात जास्त वेळ मथळ्यांनी घेतला. आधी माझे मथळे नुसती नामं होती: ‘कारणे’, ‘परिणाम’, ‘उपाय’. असे मथळे कुठल्याही विषयाला चालतात, म्हणूनच ते तपासणाऱ्याला काही सांगत नाहीत. ‘परिणाम’ खोडून मी लिहिलं, ‘पावसात खंड पडला की दुबार पेरणी’. ‘वितरण’ खोडून लिहिलं, ‘सह्याद्री ओलांडला की पाऊस कोसळतो तो थेट खाली’. हे दुसरं वाक्य सरांनी कापलं, कारण ‘पाऊस कोसळतो’ याचा उलटाच अर्थ लागतो. मग झालं, ‘सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछाया’. मथळाच विधान असला की घाईत खालचा मजकूर अर्धा राहिला तरी तपासणाऱ्याला मुद्दा मिळतो.

प्रस्तावनेचंही तसंच. ‘भारत हा कृषिप्रधान देश असून’ हे माझ्या चारही कागदांवर पहिलं वाक्य होतं. चारही ठिकाणी ते खोडलं आणि प्रत्येक गटाला त्याची स्वतःची प्रस्तावना दिली. ‘कुठे किती’ च्या कागदावर महाबळेश्वर आहे: वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस, आणि जेमतेम वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ‘का चुकतो’ च्या कागदावर भारताच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी, ८७ सेंटिमीटर, आणि ९६ ते १०४ टक्क्यांमधला पाऊस हवामान विभाग ‘सामान्य’ धरतो ही गोष्ट. सामान्य म्हणजे काय हे आधीच सांगितलं की ‘अनियमित’ हा शब्द मोजता येतो.

आता आकृती. उत्तरात आकृती हवी म्हणून मी आधी शेवटी एखादा नकाशा काढायचे. भारताचा किनारा नीट काढण्यातच चार मिनिटं जायची. आता कागदावर आकृतीच्या जागी नुसतं ‘आकृती’ असं लिहीत नाही, तर कुठल्या वाक्यानंतर काढायची ते वाक्य लिहिते. ‘कसा घडतो’ च्या कागदावर ती खूण अशी आहे: ‘विषुववृत्त ओलांडताच वारे उजवीकडे वळतात’ हे लिहून झालं की पेन्सिल घ्या. एक आडवी रेघ, ते विषुववृत्त. तिच्या खाली डावीकडे ‘जा’ लिहिलेलं वर्तुळ, म्हणजे मादागास्करच्या पूर्वेचा मस्कारेनचा जास्त दाब. तिथून निघालेला बाण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून वर येतो, रेघ ओलांडतो आणि उजवीकडे वाकतो. भारत म्हणजे फक्त खाली टोक असलेला त्रिकोण. त्रिकोणाच्या टोकाशी बाण फुटून अरबी समुद्राची आणि बंगालच्या उपसागराची शाखा होते. वरच्या बाजूला, साधारण २५ अंश उत्तरेला, तुटक रेघ: जुलैमध्ये इथपर्यंत सरकलेला आंतरउष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा. पाच नावं, एवढंच. मोबाईलवर वेळ लावून काढत गेले. पहिल्यांदा तीन मिनिटं, दहाव्यांदा ऐंशी सेकंद. नव्वद सेकंदांत न बसणारी आकृती मी कागदावर ठेवत नाही. आणि आकृतीत जे आलं ते पुन्हा मजकुरात लिहीत नाही, म्हणजे चाळीसेक शब्द वाचतात.

ते शब्द मराठीत लिहिणाऱ्याला फार मोलाचे आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरमध्ये तीन तासांत वीस प्रश्न असतात, निम्मे दीडशे शब्दांचे आणि निम्मे अडीचशेचे. आमच्या सराव चाचण्याही त्याच धर्तीवर. म्हणजे मोठ्या उत्तराला अकरा मिनिटांच्या आसपास. मी माझा हात मोजला: मिनिटाला अठरा शब्द, वेलांट्या-मात्रांसकट. विचाराचं एक मिनिट आणि आकृतीचं दीड मिनिट सोडलं तर उरतात साडेआठ मिनिटं, म्हणजे दीडशेच्या थोडेच वर शब्द. अडीचशे शब्द माझ्याकडून होणारच नव्हते, आणि होतात असं धरून मी प्रत्येक चाचणीत शेवटचे तीन प्रश्न सोडत होते. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, म्हणून कमी शब्दांत तेवढाच मजकूर मावतो, हा आपला फायदा. मी मोठ्या उत्तराची मर्यादा दीडशे शब्द ठरवली आणि चारही कागदांवर प्रत्येक मथळ्यासमोर शब्दांचा आकडा लिहिला. त्यानंतर पेपर पूर्ण होऊ लागला.

एक उत्तर पूर्ण सांगते. प्रश्न होता, ‘एल निनोचे वर्ष म्हणजे दुष्काळाचे वर्ष, हे विधान तपासा.’ हा ‘का चुकतो’ गटाचा. कागदावरची प्रस्तावना पंचवीस शब्दांची, ८७ सेंटिमीटरची. पहिला मथळा: ‘एल निनोत पावसाला प्रतिकूल हवा’. प्रशांत महासागराचा मध्य आणि पूर्व भाग तापतो, वर चढणारी हवा पूर्वेकडे सरकते आणि भारताच्या बाजूला हवा खाली उतरू लागते, मग ढग वाढत नाहीत. इथे आकृती: दोन चौकोनी अभिसरणं, एक सामान्य वर्षाचं, एक एल निनोचं. दुसरा मथळा: ‘विधानाला आधार देणारी वर्षं’. २००२ आणि २००९; २००९ मध्ये देशात पाऊस सरासरीपेक्षा २२ टक्के कमी होता. तिसरा मथळा हा साच्यात नव्हता, तो प्रश्नातल्या ‘तपासा’ ने मागितला: ‘विधान मोडणारं वर्ष १९९७’. त्या वर्षी एल निनो अतिशय तीव्र होता, तरी देशाचा पाऊस सरासरीच्या किंचित वरच राहिला. त्याच वर्षी इंडियन ओशन डायपोल जोरदार धन होता, म्हणजे हिंदी महासागराची पश्चिम बाजू जास्त तापलेली होती, आणि त्याने एल निनोचा परिणाम बराच भरून काढला असं मानलं जातं. चौथा मथळा वितरणाचा: देशाची सरासरी ठीक असली तरी मराठवाड्यात जुलैमध्ये तीन आठवडे खंड पडला तर शेतकऱ्यासाठी ते दुष्काळाचंच वर्ष. शेवट दोन ओळींचा: एल निनोने धोका वाढतो, दुष्काळ ठरत नाही, म्हणून पावसाचा अंदाज बांधताना दोन्ही महासागर एकत्र पाहावे लागतात.

साच्यात मी म्हणूनच एक मथळा नेहमी रिकामा ठेवते. त्यासमोर फक्त लिहिलंय, ‘प्रश्नातलं क्रियापद’. ‘स्पष्ट करा’ असेल तर तिथे उदाहरण जातं, ‘तपासा’ असेल तर विरोधातला पुरावा, ‘चर्चा करा’ असेल तर दुसरी बाजू. शेवटही त्या क्रियापदालाच उत्तर देतो. ‘अशा प्रकारे मान्सूनचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ हा शेवट मी चारही कागदांवरून काढून टाकला.

साचा उत्तराला गिळतोय का हे ओळखायला आमच्या अभ्यासिकेत एक पद्धत बसली. मी उत्तर लिहायचं, वरचा प्रश्न दुमडून लपवायचा आणि शेजारच्या मैत्रिणीला विचारायचं, ‘काय विचारलं असेल?’ ती पहिल्यांदा म्हणाली, ‘मान्सूनवर टीप?’ ते उत्तर फाडून पुन्हा लिहिलं. एल निनोचं उत्तर वाचून ती म्हणाली, ‘एल निनोनेच दुष्काळ पडतो का, असं काहीतरी.’ तेव्हा तो कागद पक्का झाला.

मागच्या आठवड्यात तिने चिठ्ठीत ईशान्य मोसमी पावसाचा प्रश्न टाकला: तमिळनाडूच्या किनाऱ्याला ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पाऊस का पडतो. माझ्या चारपैकी एकही कागद त्याला लागू होईना. वाऱ्यांची दिशा उलटी, त्यामुळे मस्कारेनच्या आकृतीचाही उपयोग नाही. पाचवा कागद घेतलाय. त्यावर आत्ता फक्त आकृती आहे: त्रिकोण, ईशान्येकडून येणारा बाण, आणि बंगालच्या उपसागरावर तो बाष्प उचलतो तिथे एक छोटं वर्तुळ.