18% यील्ड आलं, पण हेडिंगला टाकलं नाही

आमच्या बेटिंग ग्रुपचं महिन्याचं रिझल्ट्सचं पत्रक मी लिहितो, आणि त्या महिन्याचा हिशोब लागला तेव्हा आकडा खरंच जबरदस्त होता. 81 बेट्स, प्रत्येकी एक युनिट, त्यातल्या 30 लागल्या, नफा 14.6 युनिट, म्हणजे लावलेल्या पैशावर 18% यील्ड. ड्राफ्ट नेहमीप्रमाणे एका जुन्या मेंबरला तपासायला पाठवला तर त्याचा लगेच फोन, "अरे हे हेडिंगलाच टाक, आणि मी पुढच्या महिन्यापासून स्टेक तिप्पट करतोय."

हे ऐकून मी जरा हादरलोच, कारण आकडा खरा होता पण तो त्यातून जे वाचत होता ते त्यात नव्हतंच.

मी म्हटलं थांब, आधी शीट उघड. त्या 30 मध्ये दोन बेट्स मोठ्या ऑड्सच्या होत्या, एक 8.00 ची आणि एक 7.50 ची. फक्त या दोनच हरल्या असत्या तर 15.5 युनिट परत आलेच नसते आणि अख्खा महिना 0.9 युनिट तोट्यात गेला असता. दोन मॅचवर ज्या महिन्याचं चिन्ह बदलतं त्याच्या टक्केवारीवर किती भरवसा ठेवायचा?

आता हे नुसतं वाटणं नाहीये, मोजता येतं. एक युनिटच्या बेटमध्ये रिझल्ट किती वरखाली होतो ते ऑड्सवरून कळतं, ऑड्समधून एक वजा करायचा, सगळ्या बेट्सची सरासरी काढायची आणि वर्गमूळ घ्यायचं (ऑड्स साधारण रास्त आहेत असं धरून). आमचे सरासरी ऑड्स 3.25, म्हणजे 2.25 चं वर्गमूळ, दीड युनिट. मग त्याला बेट्सच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं, 81 चं 9, म्हणजे यील्डवरची अनिश्चितता जवळपास 16.7%. त्याच्या दुप्पट दोन्ही बाजूंना धरली तर 18% चा पट्टा साधारण उणे 15 पासून अधिक 51 पर्यंत जातो. ज्याच्याकडे काडीचीही एज, म्हणजे बुकीच्या भावावर खरी आघाडी, नाही, अशा माणसालाही इतका किंवा याहून चांगला महिना नुसत्या नशिबाने सात महिन्यांतून एकदा मिळतो. सरासरी ऑड्स 2 असते तर हाच पट्टा बराच अरुंद झाला असता, म्हणून ऑड्स न सांगता नुसतं यील्ड आणि बेट्सची संख्या देणंसुद्धा अर्धवटच.

तो म्हणाला, "बरं, मग पूर्ण रेकॉर्ड बघू." पूर्ण रेकॉर्ड 900 बेट्सचा, नफा 27 युनिट, यील्ड 3%. त्यावरची अनिश्चितता 5%, म्हणजे पट्टा उणे 7 ते अधिक 13, शून्य अजूनही मधेच बसलेलं. खरी एज 3% असेल तर ती शून्यापासून नीट वेगळी दिसायला याच ऑड्सवर 10,000 च्या आसपास बेट्स लागतील, आमच्या वेगाने दहा वर्षं! फोनवर बराच वेळ शांतता.

मग मी त्याला क्लोजिंग ऑड्सचा कॉलम दाखवला, कारण मला स्वतःला तोच सगळ्यात जास्त काही सांगतो. आपण 2.10 ला घेतलं आणि मॅच सुरू होताना रास्त भाव, म्हणजे बुकीचं मार्जिन काढून, 2.00 असेल तर आपण 5% चांगला भाव घेतला, मग बेट हरो वा जिंको. यात गोंधळ खूप कमी असतो म्हणून थोड्या बेट्समध्येही काहीतरी दिसतं. आमची त्या महिन्याची सरासरी अधिक 1.2%, प्लस-मायनस दीड. म्हणजे हा कॉलमसुद्धा 18 कडे नाही, 3 किंवा त्याहून खालीच बोट दाखवतो. फक्त हे मोठ्या, भरपूर पैसा फिरणाऱ्या मार्केटमध्येच धरायचं, छोट्या लीगचा क्लोजिंग भाव फारसं काही सिद्ध करत नाही.

स्टेकचं त्याला शेवटी युनिटमध्येच पटलं. 81 बेट्समध्ये साधारण 13.5 युनिटची हालचाल ही अगदी रोजचीच गोष्ट. तो एका युनिटला बँकरोलच्या 2% लावतो, म्हणजे एका साध्या वाईट महिन्यात 27% जातात. तिप्पट केलं की तोच साधा वाईट महिना 81% घेऊन जातो, खूप वाईट नव्हे, साधा. "मग 2 पण जास्तच होतंय की," तो स्वतःच म्हणाला, आणि 1 वर आला.

पत्रकात शेवटी पहिली ओळ अशी गेली: 900 बेट्स, यील्ड 3%, पट्टा उणे 7 ते अधिक 13, एज आहे की नाही अजून सांगता येत नाही. त्याखाली महिन्याचे 18% त्यांच्या पट्ट्यासकट, आणि त्या दोन मोठ्या बेट्स वगळून काय झालं असतं ते. शिवाय एक नवीन कॉलम टाकला, पिक पाठवल्यानंतर दहा मिनिटांनी काय भाव मिळत होता त्याचा, कारण मेंबर्सना माझा भाव मिळत नाही, हा दहा मिनिटांनंतरचा मिळतो, आणि त्यांचं यील्ड त्यावरूनच ठरतं.