तीन वक्ते, दोन शून्यं

शुक्रवार, रात्री. नेरूळ.

तिन्ही वक्त्यांच्या स्लाइड्स आज अखेर हातात आल्या. रविवारी वाचनालयाच्या सभागृहात परिसंवाद आहे. विषय असा, की पावसाळ्यात आपल्याकडे पाणी नेमकं का तुंबतं आणि भरती उतरेपर्यंत पावसाचं पाणी धरून ठेवणाऱ्या धारण तलावांचं पुढे काय करायचं. सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. एक वक्ते निवृत्त अभियंते, ज्यांची नोकरीतली बरीच वर्षं या तलावांच्या आणि बांधांच्या कामात गेली. दुसऱ्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका, खारफुटीवर काम करणाऱ्या. तिसरे दिवाळे कोळीवाड्यातले काका, जे अजूनही खाडीत होडी घालतात.

संध्याकाळपासून प्रश्न काढत बसले आहे. वक्त्याच्या स्लाइडवर जे लिहिलेलंच आहे, ते त्याला पुन्हा विचारायचं नाही, एवढं पक्कं ठरवलं होतं. 'धारण तलाव म्हणजे काय, थोडक्यात सांगाल का?' असं विचारलं की वक्ता तीच स्लाइड पुन्हा बोलून दाखवतो आणि पाच मिनिटं हातची जातात. त्यामुळे प्रत्येक स्लाइडपाशी थांबून मी पाहते, की आकडा कशापासून मोजलाय, फोटो कधीचा आहे, बाण दोन दाखवलेत तर त्या दोन्हींच्या मधे काय होतं. प्रश्न तिथे सापडतो.

अभियंत्यांची सहावी स्लाइड सुंदर आहे. डावीकडे खाडी, मधे बांध, उजवीकडे तलाव आणि त्यामागे वस्ती. बांधातून जाणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी वरून बिजागरीवर टांगलेली झडप. ओहोटीला खाडीचं पाणी खाली जातं, तलावातल्या पाण्याचा रेटा झडप बाहेर ढकलतो आणि पाणी निघून जातं. भरती चढली की खाडीच झडप दाबून बंद करते. मोटार नाही, माणूस नाही. स्लाइडवर दोन चित्रं आहेत, एक उघड्या झडपेचं, एक बंद. मी प्रश्न लिहिला तो या दोन चित्रांमधल्या वेळेचा: 'एका भरतीपासून पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी येते. त्यातले किती तास ही झडप बंद असते आणि तेवढ्या वेळात पडलेला पाऊस आजच्या तलावात मावतो का?' हा 'आजच्या' शब्द मुद्दाम. तलाव बांधला तेव्हाची खोली स्लाइडवर आहे, गाळ साचल्यावर आता किती उरली ते तिथे नाही. आणि झडपेत प्लॅस्टिक अडकून ती पूर्ण मिटली नाही, तर भरतीचं पाणीच आत येतं. ते सर स्वतः सांगतील, त्यांना फक्त वाट करून द्यायची.

खरी मजा मात्र नवव्या स्लाइडवर आली, आणि तीसुद्धा काकांची स्लाइड शेजारी उघडी होती म्हणून.

सरांच्या नवव्या स्लाइडवर एका सेक्टरातल्या रस्त्याची पातळी दिली आहे, १.८ मीटर. काकांच्या मुलाने बनवलेल्या स्लाइड्समध्ये भरतीच्या वेळापत्रकाचा फोटो आहे आणि त्यात उधाणाची एक तारीख लाल गोल करून दाखवली आहे, ४.७ मीटर. सभागृहात बसलेला कुणीही मनातल्या मनात वजाबाकी करणार. चार पूर्णांक सात वजा एक पूर्णांक आठ, म्हणजे दोन पूर्णांक नऊ. माझ्या घरासमोरचा रस्ता भरतीच्या पाण्याखाली दोन पूर्णांक नऊ मीटर, अगदी डोक्यावरून! लोक हेच घेऊन घरी जातील आणि सोमवारी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतील.

पण हे दोन आकडे एका शून्यापासून मोजलेले नाहीत. भरतीचं वेळापत्रक जहाजांसाठी असतं. त्याचा शून्य मुद्दाम खूप खाली, अगदी मोठ्या ओहोटीच्या पातळीच्या आसपास धरतात, म्हणजे होडी कुठे टेकेल ते कळावं. जमिनीची पातळी सहसा सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात, आणि मुंबईत ती सपाटी वेळापत्रकाच्या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर आहे. तेव्हा ४.७ मीटरची भरती समुद्रसपाटीच्या भाषेत २.२ मीटर झाली. रस्ता १.८. फरक ०.४ मीटर, हातभर. हातभर म्हणजे कमी नव्हे! तेवढ्यासाठीच तर बांध आणि झडपा आहेत, आणि झडप बंद असताना आत पडलेलं पाणी बाहेर का जात नाही हेही त्यातूनच कळतं. पण हातभर आणि डोक्यावरून यांत केवढा फरक आहे.

मी लगेच सरांना फोन लावला. "सर, नवव्या स्लाइडवरचा १.८ हा समुद्रसपाटीपासूनच ना?"

"बाई, बरं विचारलंत," ते म्हणाले. "मला वाटतं तसंच आहे, पण मूळ नकाशा बघूनच सांगतो. मुंबईच्या जुन्या नकाशांवर टाउन हॉलचा शून्य असायचा, तो तर आणखी निराळा. उद्या सकाळी कळवतो."

म्हणून संहितेत हा प्रश्न मी दोन प्रकारे लिहून ठेवला आहे. सरांचं उत्तर 'समुद्रसपाटीपासून' असं आलं, तर दोन्ही स्लाइड्स पाठोपाठ दाखवून विचारेन: 'सर, काकांची ४.७ची भरती आणि तुमचा १.८चा रस्ता एकाच पट्टीवर मांडले तर कोण किती वर?' उत्तर वेगळं आलं, तर आकडे न घेता फक्त दोन्ही शून्यं वेगळी आहेत एवढंच त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. एकाच वक्त्याच्या स्लाइड्स कितीही वेळा चाळल्या असत्या तरी हा प्रश्न सापडला नसता. तिन्ही संच शेजारी शेजारी लावून बघायचे, कुठे एकाच गोष्टीचे दोन आकडे आहेत, कुठे एकच तलाव दोघांकडे निराळा दिसतो, ते शोधायचं. यापुढे मी असंच करणार.

प्राध्यापिकाबाईंच्या स्लाइड्सवर उपग्रहाची दोन चित्रं आहेत, एकाच तलावाची, मधे बरीच वर्षं. पहिल्यात पाणी, दुसऱ्यात हिरवं. खारफुटी वाढली, हे उघड आहे. पण दोन चित्रं शेजारी ठेवली की मला पहिला प्रश्न पडतो तो भरतीचा. ओहोटीला घेतलेल्या चित्रात चिखल आणि रोपं उघडी पडतात, तेच भरतीला पाण्याखाली दडतात. दोन चित्रं भरतीच्या वेगळ्या वेळी घेतलेली असतील, तर त्यातली काही वाढ नुसती पाण्याच्या पातळीची असू शकते. हे लोकांसमोर एकदम विचारलं तर उलटतपासणीसारखं वाटेल, आणि मला त्यांचं काम आवडतं. म्हणून त्यांनाही फोन केला.

"भरतीची वेळ मी चित्राखाली टाकलीच नाहीये," त्या म्हणाल्या. "नोंद आहे माझ्याकडे. टाकते. आणि हे तुम्ही विचाराच, मला हे सांगायला आवडेल."

प्रश्न तोच राहिला, फक्त आता त्या उत्तर घेऊन येतील. वक्त्यांना प्रश्न आधी शब्दशः पाठवू नयेत, पाठ केलेली उत्तरं येतात, असं मला वाटतं. पण आकड्यांचा आणि तारखांचा प्रश्न आधी सांगायलाच हवा. नाहीतर 'बघून सांगते' हेच उत्तर मिळतं आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

त्यांना दुसरा प्रश्न सरांच्या स्लाइडवरून. सर शेवटी लिहितात, 'गाळ काढणे आवश्यक'. बाईंच्या शेवटच्या स्लाइडवर मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे, ज्यानंतर खारफुटी तोडायची तर ते लोकहितासाठीच आहे हे न्यायालयाला पटवावं लागतं. दोघांचंही बरोबर आहे. म्हणून 'तलाव की खारफुटी?' असा प्रश्न मी लिहिणार नाही, त्यातून नुसती झुंज लागते. मी लिहिलं: 'सरांच्या झडपेच्या चित्रातल्या या तलावात, झडपेपासून मागे, कुठला भाग मोकळा केला तर पाणी वाहील आणि कुठल्या भागातली झाडं तुम्ही हलवू देणार नाही? चित्रावरच दाखवा.' लेझर पॉइंटर त्यांच्या हातात द्यायचा, असं समासात लिहून ठेवलंय.

काकांच्या स्लाइड्सवर मजकूर नाही, नुसते फोटो. अशा वक्त्याला शेवटी बसवून 'तुमचा अनुभव सांगा' म्हणतात आणि तोवर वेळ संपलेली असते. मी त्यांना पहिलं घेतलं आहे. जेट्टीच्या दगडावर पाण्याची ओली रेघ दिसते असा त्यांचा एक फोटो आहे. त्यावर प्रश्न: 'काका, ही रेघ उधाणाची की भांगाच्या लहान भरतीची? आणि पूर्वी उधाणाला ती कुठवर यायची?' हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. पुढे चिंबोऱ्यांचा फोटो आहे, त्यावरून गाळाबद्दल. काकांनी रेघ दाखवली की सरांच्या झडपेकडे आपोआप जाता येतं.

वेळेचा हिशेब. स्लाइड्स झाल्यावर पन्नास मिनिटं आहेत. श्रोत्यांना पंधरा, सुरुवात-शेवटाला पाच, उरली तीस. एका प्रश्नोत्तराला तीन मिनिटं धरली तर दहा प्रश्न. मी आठच लिहिलेत. त्यातल्या पाचांना तांबडी खूण, ते व्हायलाच हवेत. बाकीचे, वक्ता आधीच बोलून गेला असेल तर गाळायचे. स्लाइडचा क्रमांक मी कुठेही वाचणार नाही, कारण आदल्या रात्री कुणीतरी एक स्लाइड मधे घालतोच. 'झडपेचं चित्र', 'जेट्टीवरची रेघ' असंच म्हणायचं, म्हणजे संगणकाशी बसलेल्या मुलालाही सापडतं. प्रत्येक प्रश्न मोठ्या अक्षरात, एका दमात म्हणता येईल एवढाच. झडपेचा मात्र लांबलाय, त्याचं पहिलं वाक्य मी सुरुवातीच्या प्रास्ताविकातच सांगून टाकीन. सर रंगात आले की थांबवायला एक वाक्यही लिहून ठेवलंय: 'सर, इथेच थांबू, कारण हे काकांनी रोज पाहिलंय.' त्यांना राग येणार नाही आणि बोलणं काकांकडे जाईल.

उद्या सकाळी सरांचा फोन येईल. मग नवव्या स्लाइडचा प्रश्न पक्का करून तिघांना क्रम कळवायचा, आणि काकांच्या मुलाला सांगायचं की वेळापत्रकाच्या फोटोत वरची ओळ कापली गेली आहे. भरतीची उंची कशापासून मोजली ते सहसा तिथेच छापलेलं असतं, तेव्हा फोटो पुन्हा काढून पाठव.