अनुभव नसताना लिहिलेला इंटर्नशिपचा मेल

ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षी आमचं आठवं सेमिस्टर इंटर्नशिपला मोकळं होतं. भोसरी एमआयडीसीतली एक छोटी कंपनी औद्योगिक ओव्हनचे कंट्रोल पॅनल बनवते, तिथे मला जायचं होतं. कामाचा अनुभव काहीच नव्हता. चौघांनी मिळून केलेला एक प्रोजेक्ट तेवढा होता: डेअरीच्या फ्रीजचं तापमान नोंदवणारा लॉगर.

हिंजवडीत नोकरी करणारी आमची सीनियर ताई म्हणाली, "मेहनती, जिज्ञासू असं सगळेच लिहितात गं. त्यावर पुढे विचारणार काय? वाचणाऱ्याला तुला प्रश्न विचारता येईल असं काहीतरी लिही." मेल मी त्यावरच बेतला. विषयात शाखा, काम आणि जानेवारी ते जून हा काळ लिहिला. इंग्रजीतल्या त्या मेलचा मुख्य भाग मराठीत असा:

"आमच्या लॉगरमध्ये ESP32 आणि DS18B20 सेन्सर आहे. सेन्सर जोडणं आणि वाचणं हा भाग माझा; मोबाइल ॲप माझ्या मित्राचं. फ्रीज ४ अंशांवर असताना मधूनच ८५ अंश दिसायचे. डेटाशीट पाहिल्यावर कळलं, की वीज आल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत सेन्सरमध्ये ८५ हाच आकडा असतो. १२ बिटांवर मोजायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो आणि सेन्सरची वीज जाऊन आली, की आमचा कोड त्याआधीच आकडा उचलत होता. थांबण्याचा वेळ वाढवल्यावर ८५ येणं बंद झालं. हा सेन्सर १२५ अंशांपर्यंतच चालतो, त्यामुळे तुमच्या ओव्हनला पुरणार नाही. त्यासाठी लागणारं थर्मोकपल मी अजून हाताळलेलं नाही. तेच तुमच्याकडे शिकायचं आहे."

शेवटची दोन वाक्यं काढ, असं मैत्रीण म्हणत होती. मी ती ठेवली. कंपनीचं काम नीट पाहून मगच लिहिलंय, हे त्यांच्यावरूनच कळत होतं. शिवाय जे येत नाही ते आधीच सांगितल्यावर जे येतं म्हणून लिहिलंय त्यावरही विश्वास बसतो, असं माझं ठाम मत आहे. सोबत एक पानाचा रेझ्युमे आणि कोडची लिंक जोडली. सर्किटचा फोटोही लावला, पण तो पाहिला गेला की नाही ते माहीत नाही.

काही दिवसांनी तिथल्या इंजिनिअर सरांचा फोन आला. मार्कांचा विषय निघालाच नाही. त्यांनी विचारलं, "ओव्हन खरंच ८५ अंशांवर असेल, तर खरा ८५ आणि खोटा ८५ कसा ओळखशील?"

मी म्हटलं, "सर, आधीची आणि नंतरची नोंद पाहीन. खरं तापमान चढत चढत ८५ला पोचतं. ४, ८५, ४ अशी उडी दिसली तर तो आकडा खोटा. नुसते ८५चे सगळे आकडे गाळले तर खरेही जातील."

"बरोबर. कॉलेजचं पत्र कधी मिळेल?" एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्याच दिवशी प्लेसमेंट ऑफिसमधून सही-शिक्क्याचं पत्र घेऊन मी त्याच मेलच्या उत्तरात पाठवलं.